गावठी अंडं आणि ताजं अंडं: सोलताना दोष कोणाचा?

‘गावठी अंड्यांचं सालच चिवट, ती कधी नीट सोलत नाहीत,’ असं आमच्या घरात वर्षानुवर्षं ऐकत आलोय. थंडीत मावशीने गावाहून सहा अंडी आणली, आदल्या दिवशी घातलेली. त्यातली दोन नेहमीसारखी गार पाण्यात टाकून उकडली. टरफलाच्या प्रत्येक कपच्याबरोबर पांढऱ्याचा लचका निघाला आणि रश्श्यात सोडायला उरले ते खड्डे पडलेले गोळे. उरलेली चार मी मुद्दाम बाजूला ठेवली.

‘गावठी’ आणि ‘ताजं’ यांची आपण इथे गल्लत करतो. गावठी ही कोंबडीची जात झाली, ताजं हे अंड्याचं वय. गावठी अंडं बहुधा खुराड्यातून एक-दोन दिवसांत थेट पातेल्यात येतं. दुकानातलं पांढरं अंडं हैदराबादकडून किंवा नामक्कलहून ट्रकने येतं, घाऊक व्यापाऱ्याकडे थांबतं, मग वाण्याच्या ट्रेमध्ये बसतं. आपल्या हातात येईपर्यंत त्याचं वय बरंच झालेलं असतं. ते सुरेख सोललं जातं ते या वयामुळे. पोल्ट्रीतलंच अंडं घातल्या दिवशी उकडून पाहा, तेही तसाच छळ करेल.

वयाने आत काय बदलतं? ताज्या अंड्याच्या पांढऱ्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. म्हणूनच ताजं अंडं फोडलं की पांढरं किंचित धुरकट दिसतं. टरफलाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून हा वायू हळूहळू निसटतो आणि पांढरं जास्त अल्कधर्मी होत जातं. त्याचा पीएच सुरुवातीला ८ च्या आतबाहेर असतो, तो काही दिवसांत ९ च्या वर जातो. टरफलाच्या आतून जो पातळ पापुद्रा असतो, त्याला कमी पीएचचं पांढरं शिजताना घट्ट धरून बसतं. पीएच चढला की ही पकड सैल होते. त्याच वेळी छिद्रांतून पाणीही उडतं, त्यामुळे बोथट टोकाकडची हवेची पोकळी वाढते आणि सोलायला सुरुवात करायला जागा मिळते.

वय ओळखायला कच्चं अंडं पाण्यात सोडा. तळाशी आडवं पडलं तर ताजं. बोथट टोक वर करून तिरकं किंवा उभं राहिलं तर उकडायला उत्तम. तरंगलं तर मात्र मी ते वापरत नाही.

आता राहिलेली चार. दोन त्याच दिवशी उकडली, पण या वेळी पाणी खळखळ उकळल्यावर चमच्याने अलगद सोडली, १० मिनिटं ठेवली आणि लगेच गार पाण्यात घातली. एक जवळजवळ अखंड निघालं, दुसऱ्याला एक छोटा खड्डा पडला. ताज्या अंड्याकडून याहून जास्त अपेक्षा नको. गार पाण्यापासून सुरुवात केली की पांढरं सावकाश तापतं आणि पापुद्र्याला चिकटायला त्याला भरपूर वेळ मिळतो. उकळत्या पाण्यात बाहेरचा थर झटकन आवळतो. वाफेवर उकडलं तरी हेच होतं. अंडी फ्रिजमधून काढून थेट उकळत्या पाण्यात टाकू नका, तडकतात. आधी थोडा वेळ बाहेर ठेवा.

शेवटची दोन टोपलीत आठ दिवस राहिली. तीच कोंबडी, तीच जात. उकळत्या पाण्यातून काढली आणि टरफल दोन-तीन मोठ्या तुकड्यांत उतरलं. मावशी म्हणाली, ‘ही पोल्ट्रीची असतील.’ (तिला मी पटवू शकलेलो नाही.) फ्रिजमध्ये हीच प्रक्रिया रेंगाळते, म्हणून तिथली अंडी आणखी काही दिवस थांबवावी लागतात.

सोलण्याची पद्धतही फरक पाडते. अंडं ओट्यावर हलक्या हाताने लोळवून सगळीकडे बारीक तडे पाडायचे. मग बोथट टोकाकडून, पोकळीवरून सुरुवात करायची आणि अंगठा पापुद्र्याच्या खाली घालायचा. अंगठा पापुद्रा आणि टरफल यांच्यामध्ये गेला, तर टरफल सुटतं पण पापुद्रा पांढऱ्यावरच राहतो आणि नंतर तो ओढताना लचके निघतात. अंगठ्याखाली पांढरं ओलसर, गुळगुळीत लागलं की समजा, तुम्ही योग्य थरात आहात. वाटीभर पाण्यात बुडवून सोललं तर पाणी फटीत शिरून मदत करतं.

पाण्यात मीठ घालतात, त्याने सोलणं सोपं होतं असं मला कधी दिसलं नाही. मिठाचा उपयोग इतकाच की अंडं तडकलंच तर बाहेर येणारं पांढरं लवकर गोठतं. खायच्या सोड्याने थोडा फरक पडतो म्हणतात, पण जास्त झाला तर वास येतो. आठ दिवस थांबणं त्यापेक्षा स्वस्त. घाईच असेल तर त्या ताज्या अंड्यांचं हाफ फ्राय करावं. तव्यावर ती अशीही जास्त छान उभी राहतात.