सेंट्रिफ्यूज थांबवताना ड्राइव्ह ट्रिप का होतो?

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या औषध आणि रसायनांच्या कारखान्यांत ओला माल पिळून कोरडा करायला बास्केट सेंट्रिफ्यूज असतो. तो सुरू करताना सहसा कटकट होत नाही, ती होते थांबवताना. बॅच लवकर रिकामी व्हावी म्हणून कुणीतरी मोटरचा वेग ठरवणाऱ्या ड्राइव्हमधला डीसेलरेशन टाइम, म्हणजे थांबायला दिलेला वेळ, २०० सेकंदांवरून ३० वर आणतो. स्टॉप दाबल्यावर एक-दोन सेकंदांतच स्क्रीनवर ओव्हरव्होल्टेजचा फॉल्ट येतो, ड्राइव्ह मोटर सोडून देतो आणि मोकळी झालेली बास्केट आपली आपण कितीतरी मिनिटं फिरत राहते.

यात ड्राइव्हचा दोष नाही. माल भरलेल्या बास्केटचं जडत्व ४० किलोग्रॅम-वर्ग मीटर आणि वेग १००० आरपीएम धरू. तिच्यात साठलेली गतिज ऊर्जा सुमारे २१९ किलोज्यूल भरते. एक टनाची गाडी सात मजले वर उचलायला साधारण इतकीच ऊर्जा लागते. ड्राइव्ह फ्रीक्वेन्सी उतरवू लागला की बास्केट मोटरला ओढते, मोटर जनरेटर बनते आणि ही ऊर्जा वीज होऊन उलटी ड्राइव्हमध्ये शिरते.

शिरते खरी, पण पुढे जायला वाट नसते. साध्या ड्राइव्हच्या तोंडाशी डायोड ब्रिज असतो आणि तो वीज फक्त आत येऊ देतो. ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यावर आतल्या डीसी बसला, म्हणजे कपॅसिटर जोडलेल्या डीसी लाइनला, साधारण ५८७ व्होल्ट असतात, आणि बस ८०० व्होल्टच्या आसपास गेली की ड्राइव्ह स्वतःला वाचवायला ट्रिप होतो. १५ किलोवॅटच्या ड्राइव्हमधले कपॅसिटर १००० मायक्रोफॅरडचे धरले, तर ५८७ ते ८०० या टप्प्यात त्यांत मावतात जेमतेम १५० ज्यूल. येणार आहेत २ लाख १९ हजार! रात्री आजूबाजूचा लोड उतरून लाइन ४४० व्होल्टवर गेली, तर बस आधीच ६२२ वर असते आणि जागा आणखी कमी उरते. दिवसा चालणारी सेटिंग रात्रपाळीत ट्रिप होते ती कधीकधी यामुळेच.

फॉल्ट सुरुवातीलाच का येतो, हेही यातून कळतं. वेग एकसारखा उतरवला तर परत येणारी पॉवर पहिल्या क्षणी सर्वांत जास्त असते, सरासरीच्या दुप्पट. ३० सेकंदांत थांबायचं तर सरासरी ७.३ किलोवॅट, पण सुरुवातीला १४.६. मोटर आणि ड्राइव्हमध्ये उष्णता होऊन फारतर दोन-सव्वादोन किलोवॅट जिरतात असं धरलं, तर रेझिस्टरशिवाय सुमारे २०० सेकंद लागतात. आधीची सेटिंग कुणीतरी हिशेबानेच ठेवलेली होती.

घाईच असेल तर ब्रेकिंग रेझिस्टर हवा. बस ७६० व्होल्टच्या आसपास गेली की ब्रेक चॉपर हा ट्रान्झिस्टरचा स्विच रेझिस्टर बसला जोडतो आणि जादा ऊर्जा उष्णता होऊन जाते. ७६० चा वर्ग भागिले १४,६०० म्हणजे जवळपास ४० ओहम. या पॉवरचा थोडा भाग मोटरच खाते, तरी मी ३५ घेईन. मात्र ड्राइव्हच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या किमान ओहमच्या खाली जायचं नाही, नाहीतर चॉपरचा ट्रान्झिस्टर जातो.

ओहम बरोबर, पण वॅट चुकीचे, हा प्रकार जास्त दिसतो. अर्ध्या तासातून एकदा ब्रेक लागतो म्हणून सरासरी काढली तर १२२ वॅट येतात आणि छोटा, स्वस्त रेझिस्टर पुरेसा वाटतो. पण सगळी उष्णता ३० सेकंदांत येते. ती एक किलो धातूत ओतली तर तापमान साडेचारशे अंशांनी वाढतं. म्हणून विकत घेताना तो ३० सेकंद किती ओव्हरलोड सोसतो, हे बघायचं. आणि सॉल्व्हंटचा सेंट्रिफ्यूज असेल तर रेझिस्टर त्या फ्लेमप्रूफ भागात नको, बाहेर पॅनेल रूमकडे हवा.

रेझिस्टर बसवूनही तो थंडच राहतो आणि थांबायला पूर्वीइतकाच वेळ लागतो, असं झालं तर ओव्हरव्होल्टेज स्टॉल प्रिव्हेन्शन तपासा. बस चढली की हे फंक्शन स्वतःच रॅम्प लांबवतं, त्यामुळे चॉपरची पाळीच येत नाही. रेझिस्टर लावल्यावर ते बंद करायचं असतं. उलट, मशीन नुसतं चालू असताना, ब्रेक लागलेला नसतानाही रेझिस्टर तापत असेल, तर चॉपर शॉर्ट झाला असण्याचा संशय घ्यावा. मग ५८७ व्होल्ट सतत ३५ ओहमवर बसतात, म्हणजे जवळपास १० किलोवॅट. ड्राइव्हला स्टॉप देऊन ते थांबत नाहीत, कारण डायोड ब्रिज बसला वीज देतच राहतो. म्हणून रेझिस्टरवरचा थर्मल स्विच ड्राइव्हच्या कंट्रोल इनपुटला नव्हे, तर मेन कॉन्टॅक्टरच्या कॉइलला जोडतात.

झाकणाच्या इंटरलॉकचंही तसंच. ट्रिप झालेला ड्राइव्ह शून्य हर्ट्झ दाखवतो तेव्हा बास्केट शेकडो आरपीएमवर असू शकते. झाकण उघडायची परवानगी ड्राइव्हच्या सिग्नलवर नको, शाफ्टवरच्या स्वतंत्र झीरो-स्पीड सेन्सरवरून हवी.