98 सेकंदांत सापडलेला कॅमेरा

राजकोटच्या एका प्रसूतिगृहातली सीसीटीव्ही चित्रणं 2025 च्या फेब्रुवारीत यूट्यूब आणि टेलिग्रामवर फिरताना सापडली. तपास पुढे सरकला तसा तो एका दवाखान्यापुरता राहिला नाही. देशभरातले बरेच कॅमेरे उघडे पडल्याचं दिसलं, आणि अटक झालेल्यांत महाराष्ट्रातलेही तरुण होते. त्यानंतर आलेल्या बातम्यांत त्या कॅमेऱ्यांचा पासवर्ड छापला होता: `admin123`.

यावर लोकांच्या दोन प्रतिक्रिया मी ऐकल्या. एक, 'हॅकर म्हणजे भलतीच हुशार मंडळी.' दुसरी, 'आमच्या दुकानात चोरण्यासारखं आहे काय? आम्हाला कोण शोधत येणार?' दोन्ही चुकीच्या आहेत. दुसरी जास्त चुकीची आहे, कारण तुम्हाला कोणी शोधत येतच नाही. सगळे पत्ते चाचपणारा एक प्रोग्रॅम फिरत असतो आणि त्यात तुमचाही पत्ता येतो. कॅमेरा, राउटर किंवा प्रिंटर बाहेरून वापरण्याआधी त्याचा कारखान्यातला पासवर्ड बदला असं सांगतात, ते यासाठीच. हे चाचपणं नेमकं कसं चालतं, याचं सर्वात स्वच्छ उदाहरण म्हणजे 2016 मधलं 'मिराई' हे यंत्रायंत्रांत पसरणारं कीड-सॉफ्टवेअर. त्याच्या कर्त्यानेच मूळ कोड त्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटी उघड केला, त्यामुळे त्यातली एकेक ओळ आज वाचता येते.

इंटरनेटवरच्या जुन्या पद्धतीच्या आयपी पत्त्याला 32 बिट लागतात. म्हणजे एकूण पत्ते सुमारे 430 कोटी. मिराई यातला कोणताही एक पत्ता फाशासारखा यादृच्छिक निवडतो आणि त्या पत्त्यावरच्या यंत्राच्या 23 क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे दारावर, एक छोटी हाक मारतो. (दहातून सुमारे एकदा 2323 वर.) 23 हे टेलनेटचं पोर्ट. दुरून यंत्रात लॉगिन करून आज्ञा द्यायची ही फार जुनी सोय आहे आणि तिच्यात पासवर्डही उघडाच प्रवास करतो. स्वस्त कॅमेरे आणि डीव्हीआर यांच्या पोटात लहानसं लिनक्स असतं. कारखान्यात चाचणीसाठी टेलनेट चालू केलेलं असतं आणि माल तसाच बाहेर पडतो.

आता मला फार आवडणारी युक्ती. हाक मारल्यावर उत्तर यायला वेळ लागतो, आणि बहुतेक पत्त्यांवरून ते येतच नाही. कोणाकोणाला हाक मारली याची वही ठेवायची तर मेमरी लागते, आणि मिराई ज्या कॅमेऱ्यात बसून हे करत असतो तिथे मेमरीची वानवा. पण टीसीपी या संवादपद्धतीत प्रत्येक पहिल्या हाकेसोबत एक 32 बिटांचा क्रमांक पाठवावा लागतो, आणि समोरच्याने त्या क्रमांकात एक मिळवून तो परत पाठवायचा असतो. पत्ताही 32 बिटांचा, क्रमांकही 32 बिटांचा! मिराई त्या क्रमांकाच्या जागी ज्याला हाक मारली त्याचाच पत्ता भरतो. पोस्टाचं जवाबी कार्ड आठवत असेल, ज्याच्या उत्तराच्या बाजूवर आपणच आधी आपला पत्ता लिहून ठेवायचो, तसंच हे. उत्तर आलं की आलेल्या क्रमांकातून एक वजा करायचा आणि उत्तर पाठवणाऱ्याच्या पत्त्याशी जुळतो का, एवढंच बघायचं. जुळला तर ते आपल्याच हाकेचं उत्तर. वही नको, वाट पाहणं नको. गंमत म्हणजे याच खुणेवरून संशोधकांनी नंतर मिराईच्या हाका इंटरनेटच्या गोंगाटातून वेगळ्या काढल्या. ऐन भरात सुमारे 6 लाख यंत्रं त्याच्या ताब्यात होती, असं त्यांनी मोजलं.

या स्वस्ताईचा परिणाम पाहा. समजा 1 लाख यंत्रं ताब्यात आहेत आणि प्रत्येक यंत्र सेकंदाला फक्त एक हाक मारतं. 430 कोटी भागिले 1 लाख म्हणजे 43 हजार सेकंद, अर्थात बारा तास. म्हणजे दर अर्ध्या दिवसाला सरासरी एकदा प्रत्येक पत्त्यावर हाक पडणार, तुमच्या दुकानात काही असो वा नसो. आणि असं कीड-सॉफ्टवेअर एकटं फिरत नाही. रॉबर्ट ग्रॅहम या सुरक्षा-संशोधकाने नोव्हेंबर 2016 मध्ये एक स्वस्त कॅमेरा मुद्दाम इंटरनेटला उघडा जोडून ठेवला. 98 सेकंदांत तो मिराईसारख्याच एका किड्याच्या ताब्यात गेला होता.

पासवर्ड 'आधी' बदला असं म्हणतात त्याचं कारण एवढंच. 'मोबाईलवर दिसतंय का ते आधी बघू, पासवर्ड संध्याकाळी बदलू' या वाक्यातली संध्याकाळ फार लांब असते.

हाकेला उत्तर आल्यावर मिराई नाव आणि पासवर्डच्या जोड्या वापरून बघतो. यादीत जेमतेम साठ जोड्या, आणि एका पत्त्यावर त्यातल्या फक्त दहा. मात्र त्या दहा समान संधीने निवडल्या जात नाहीत. प्रत्येक जोडीला वजन दिलेलं आहे: जी जोडी जास्त यंत्रांत सापडते तिचं वजन जास्त. सर्वात वजनदार जोडी `root` आणि `xc3511`. एका चिनी कंपनीच्या सर्किट बोर्डांत ती बसवलेली असे आणि तो बोर्ड कितीतरी वेगवेगळ्या ब्रँडच्या खोक्यांतून विकला जाई. म्हणून 'माझा ब्रँड वेगळा आहे' याला फारसा अर्थ नाही. आतला बोर्ड तोच असू शकतो.

दहा प्रयत्नांपुढे खरोखरीचा पासवर्ड किती मोठा असतो? इंग्रजीतली आठ लहान अक्षरं यादृच्छिक निवडली तर शक्यता होतात 26 चा आठवा घात, म्हणजे सुमारे 20,883 कोटी. मिराईसारख्याला अडवायला तेवढंही खूप झालं. नंतरच्या किड्यांच्या याद्या लांब झाल्या आहेत, म्हणून बारा-चौदा अक्षरं ठेवा. पण खोक्यावर छापलेलं 'बँकेसारखं 256 बिट एन्क्रिप्शन' इथे काहीही करत नाही. ते वाटेतला मजकूर झाकतं. बरोबर पासवर्ड टाकून आत आलेल्याला ते अदबीने आत घेतं. डीव्हीआर कोणत्या दिशेला ठेवावा हे वास्तुवाल्याला विचारून ठरवणारे दुकानदार आहेत. दिशा कुठलीही चालेल, पोर्ट कुठलं उघडं आहे ते पाहा.

ताबा मिळाल्यावर मिराई आपली फाइल पुसतो, फक्त मेमरीत राहतो आणि टेलनेट बंद करतो, म्हणजे दुसरा किडा आत यायला नको. कॅमेरा चित्र दाखवतच राहतो. मालकाला कळत नाही. यंत्र बंद करून चालू केलं की मिराई जातो, पण टेलनेट पुन्हा त्याच पासवर्डसह उघडतं आणि पुढची हाक येईपर्यंतच ते यंत्र स्वच्छ असतं. 21 ऑक्टोबर 2016 ला अशाच यंत्रांनी डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारी सेवा, चालवणाऱ्या 'डाइन' या कंपनीवर एकदम मागण्यांचा मारा केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट तासन्‌तास उघडेनात.

आता अडचणीची गोष्ट, जी बसवणारे सांगत नाहीत. कॅमेऱ्यात अनेकदा दोन वेगवेगळे पासवर्ड असतात. एक ॲपमध्ये किंवा ब्राउझरमध्ये दिसतो, तो तुम्ही बदलता. दुसरा आतल्या लिनक्सच्या `root` या मुख्य वापरकर्त्याचा, आणि तो वरच्या पडद्यावर कुठेच नसतो. `xc3511` वाल्या बोर्डांत वरचा बदलला तरी आतला तसाच राहत असे. अशा यंत्राला पासवर्ड बदलून वाचवता येत नाही. नवं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर, टाकून टेलनेट बंद होतं का पाहायचं, नाहीतर यंत्र बाहेरून दिसू द्यायचं नाही. ओळखायचं कसं? घरच्याच नेटवर्कवरच्या संगणकावर उघडी पोर्ट दाखवणारा `nmap` हा प्रोग्रॅम टाका आणि कॅमेऱ्याचा पत्ता देऊन विचारा:

```
nmap -p 23,2323,80,554 192.168.1.64
```

80 आणि 554 अनुक्रमे वेबपान आणि चित्रप्रवाह यांची पोर्ट, ती घरात उघडी असणं नेहमीचं. 23 किंवा 2323 समोर `open` दिसलं तर तो कॅमेरा बाहेर जोडू नका.

'पण आमच्या ब्रॉडबँडला स्वतःचा सार्वजनिक आयपी नाही, मग बाहेरून हाक येणार कशी?' हा प्रश्न रास्त आहे. अशा जोडणीत हाक खरंच आत येत नाही, म्हणूनच कॅमेरे 'पी-टू-पी' किंवा क्लाउडची वाट वापरतात. कॅमेरा स्वतः कंपनीच्या सर्व्हरला फोन करून ठेवतो आणि तुमचं ॲप कॅमेऱ्याच्या आयडीवरून त्याला गाठतं. आता आयपी पत्त्याऐवजी आयडी चाचपायचा, एवढाच फरक. 2018 मध्ये ऑस्ट्रियातल्या एसईसी कन्सल्ट या संस्थेने दाखवलं की `xc3511` वाल्या बोर्डांच्याच कंपनीच्या क्लाउडमध्ये आयडी यंत्राच्या मॅक पत्त्यावरून, म्हणजे कारखान्यात दिलेल्या नेटवर्क-क्रमांकावरून, काढलेला होता, म्हणजे अंदाजाने बांधता येण्यासारखा. शिवाय मूळ `admin` ला पासवर्डच नव्हता, आणि `default` नावाचा एक न सांगितलेला वापरकर्ता होता. त्याचा पासवर्ड `tluafed`. उलटा वाचा.

म्हणून क्रम असा ठेवा. कॅमेरा राउटरला जोडण्याआधी केबलने थेट लॅपटॉपला जोडा. तिथेच पासवर्ड बदला, मग फर्मवेअर. राउटरमध्ये यूपीएनपी बंद करा, कारण या सोयीने यंत्र तुम्हाला न विचारता राउटरला सांगून स्वतःसाठी पोर्ट उघडून घेतं. पी-टू-पीचा स्विच सर्वात शेवटी, आणि तोही गरज असेल तरच.

राउटरबाबत एक वेगळा धोका आहे. बाहेरून लॉगिन बंद असलं तरी तुमचा ब्राउझर आतच बसलेला असतो. एखाद्या पानात लपलेली स्क्रिप्ट त्याच्याकरवी `192.168.1.1` ला `admin`/`admin` देऊन डीएनएस बदलू शकते. 2018 मध्ये ब्राझीलमध्ये मोठ्या प्रमाणावर राउटरचे डीएनएस बदलून लोकांना बँकांच्या बनावट पानांवर नेलं गेलं. तेव्हा बाहेरून लॉगिनची सोय वापरत नसाल तरी राउटरचा पासवर्ड बदलायचा. प्रिंटरचं उलट. त्याचा पासवर्ड बदलल्याने सेटिंग, पत्तेपुस्तिका आणि स्कॅन करून ईमेल करण्यासाठी साठवलेला पासवर्ड वाचतो. पण 9100 पोर्टवर आलेला मजकूर बहुतेक प्रिंटर काही न विचारता छापतात. तिथे पासवर्ड उपयोगाचा नाही, ते पोर्ट राउटरवर बंदच असलं पाहिजे.

आणि एक प्रकार सर्रास घडतो. कॅमेरा अडकला म्हणून कोणीतरी टाचणीने रिसेटचं बटण दाबतं. कॅमेऱ्याचा पासवर्ड कारखान्यातला होतो, पण राउटरमध्ये त्याच्यासाठी पूर्वी उघडलेलं पोर्ट मात्र उघडंच राहतं, कारण ती नोंद कॅमेऱ्यात नसते, राउटरमध्ये असते. रिसेट करायचंच असेल तर आधी कॅमेऱ्याची केबल काढा आणि राउटरच्या 'पोर्ट फॉरवर्डिंग' पानावरची त्याची ओळ पुसा.