वाटीच्या तळाचा गाळ टाकून द्यावा का?

«गोळी पाण्यात विरघळली की औषध पाण्यात उतरते, तळाशी राहतो तो नुसता खडूसारखा चोथा, तो टाकून दिला तरी चालतो, हे खरे ना?»

नाही, त्या गाळात बहुतेक औषधच असते. पाण्यात फुटणारी गोळी साखरेसारखी विरघळत नाही, तर तिचे बारीक कण सुटे होऊन पाण्यात तरंगतात आणि थोड्याच वेळात खाली बसतात. लहान मुलांना नेहमी दिल्या जाणाऱ्या २५० मिलिग्रॅमच्या अमॉक्सिसिलिनच्या गोळीचे पाहा: हे औषध १ मिलिलिटर पाण्यात जेमतेम ४ मिलिग्रॅम विरघळते, म्हणजे दोन चमचे (१० मिलिलिटर) पाण्यात सुमारे ४० मिलिग्रॅम, आणि उरलेले २०० हून अधिक भुकटीच्या रूपातच राहते. वरचे पाणी पाजून गाळ फेकला, तर डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेचा मोठा भाग मोरीत जातो.

म्हणून लहान वाटीत उकळून गार केलेले दोन चमचे पाणीच घ्यावे. पेलाभर पाणी किंवा दुधाची बाटली नको, कारण मूल अर्ध्यावर तोंड फिरवते आणि किती औषध पोटात गेले हे मग सांगता येत नाही. गोळी साधारण तीन मिनिटांत फुटते. ती ढवळून, कण खाली बसण्याआधी, चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावी. नंतर वाटीत, आणि बोंडल्यातही, आणखी एक चमचा पाणी घालून, कडेला चिकटलेली पांढरी भुकटी खळबळून तेही पाजावे. वाटी स्वच्छ दिसेपर्यंत मात्रा पूर्ण झालेली नसते. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली, तर डॉक्टरांना लगेच विचारावे.