जाळीवरील आकृतीचे परावर्तन, परिभ्रमण आणि स्थानांतरण

प्रतलातील आकृतीच्या कोणत्याही दोन बिंदूंमधील अंतर न बदलता तिची जागा बदलणारी रूपांतरणे. स्थानांतरणात आकृतीचा प्रत्येक बिंदू एकाच दिशेने व एकाच अंतराने सरकतो. परावर्तनात तो एका रेषेच्या, म्हणजे अक्षाच्या, पलीकडे तेवढ्याच लंबांतरावर जातो, तर परिभ्रमणात तो एका स्थिर केंद्राभोवती ठराविक कोनातून फिरतो. भूगोलात पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे ते परिवलन आणि सूर्याभोवती फिरणे ते परिभ्रमण, असा भेद केला जातो. भूमितीत केंद्र आकृतीच्या आत असो वा बाहेर, दोन्हींना परिभ्रमणच म्हणतात. मूळ आकृती व तिची प्रतिमा नेहमी एकरूप असतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः उलट प्रश्नाचा विचार केला आहे : चौरस जाळीवर दोन एकरूप आकृती दिल्या असता पहिलीवरून दुसरी मिळवून देणारे एकच रूपांतरण कसे ओळखावे ?

एका आकृतीवर दुसरी ठेवून एकरूपता दाखविण्याची रीत युक्लिड (इ. स. पू. सु. ३००) यांच्या ‘मूलतत्त्वे’ या ग्रंथात आढळते. पहिल्या पुस्तकातील चौथ्या प्रमेयात, दोन बाजू व त्यांमधील कोन समान असलेले त्रिकोण एकरूप असतात हे दाखविताना, एक त्रिकोण दुसऱ्यावर ठेवला आहे असे मानले आहे. मात्र आकृती ‘उचलून ठेवणे’ म्हणजे नेमके काय, हे तेथे सांगितलेले नाही. ही रीत युक्लिड यांनी फार थोड्या ठिकाणी वापरली असल्याने ती त्यांना स्वतःलाही फारशी पसंत नसावी, असे अनेक भाष्यकारांचे मत आहे. या मताला प्रत्यक्ष पुरावा नसला तरी ते सयुक्तिक वाटते. झाक पेल्तिए यांनी १५५७ मध्ये या रीतीवर उघड आक्षेप घेतला. डाव्हीट हिल्बर्ट यांनी १८९९ मध्ये भूमितीची नवी मांडणी करताना या प्रमेयाचा गाभा गृहीतक म्हणून स्वीकारला, त्यामुळे आकृती हलविण्याची गरजच उरली नाही. फेलिक्स क्लाइन यांनी १८७२ मध्ये याच्या उलट मार्ग धरला होता : रूपांतरणांचा गट हाच पाया मानावा आणि त्या गटाखाली जे बदलत नाही ते त्या भूमितीचे विषय समजावेत. जाळीवरील रूपांतरणांच्या आजच्या अभ्यासाला क्लाइन यांची दृष्टी अधिक जवळची आहे. युक्लिड यांच्या रीतीतील एक अनुक्त बाबही येथे महत्त्वाची ठरते. दोन विषमभुज त्रिकोण परस्परांच्या आरशातील प्रतिमांसारखे असतील, तर एक दुसऱ्यावर ठेवण्यासाठी तो प्रतलाबाहेर उचलून पालथा करावा लागतो. प्रतलातल्या प्रतलात सरकवून किंवा फिरवून तो कधीच बसत नाही.

पालथी न पडणारी प्रतलातील प्रत्येक एकरूप हालचाल हे एकतर स्थानांतरण असते किंवा परिभ्रमण, हे प्रमेय सामान्यतः मिशेल शाल यांच्या नावाने (१८३०) सांगितले जाते. अवकाशातील त्याहून व्यापक विधान जूल्यो मोत्सी यांनी १७६३ मध्येच मांडले होते व प्रतलातील विधान हा त्याचा विशेष प्रकार ठरतो. म्हणून केवळ शाल यांचे नाव घेणे अपुरे आहे. पालथ्या पडणाऱ्या हालचालींचे मात्र दोन प्रकार होतात : परावर्तन, आणि परावर्तन करून अक्षाच्याच दिशेने सरकविणे. या दुसऱ्या प्रकाराला येथे सरकते परावर्तन म्हटले आहे. शालेय विवेचनात बहुधा तीनच रूपांतरणे शिकविली जात असल्याने हा चौथा प्रकार नजरेआड होतो आणि काही एकरूप जोड्यांना ‘उत्तर नाही’ असा गैरसमज होतो.

ओळखण्याची सुरुवात संगत शिरोबिंदू ठरविण्यापासून करावी लागते. समजा अ (१, १), ब (४, १), क (१, ३) हा त्रिकोण आहे आणि त्याच्याशी एकरूप असा अ′ (७, ३), ब′ (७, ६), क′ (५, ३) हा त्रिकोण दिला आहे. काटकोन अ व अ′ येथे आहेत. अब व अ′ब′ या बाजू ३ एकक, तर अक व अ′क′ या २ एकक आहेत, त्यामुळे संगतीबद्दल शंका राहत नाही. यानंतर अ, ब, क या क्रमाने मूळ त्रिकोणाभोवती फेरी मारल्यास ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने होते. अ′, ब′, क′ या क्रमानेही तसेच होते. फेरीची दिशा टिकली, म्हणजे परावर्तन व सरकते परावर्तन बाद झाले. अब ही बाजू उजवीकडे जाते, तर अ′ब′ वर जाते. स्थानांतरणात बाजूची दिशा बदलत नाही, म्हणून तेही बाद होते आणि परिभ्रमण उरते. उजवीकडची दिशा वर वळली, यावरून कोन घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने ९०° आहे हेही कळते.

केंद्र अजून मिळालेले नाही आणि बहुतेक चुका येथेच होतात. केंद्र अ व अ′ यांपासून समान अंतरावर असले पाहिजे, म्हणून ते अअ′ च्या लंबदुभाजकावर असते. हीच गोष्ट बब′ व कक′ यांनाही लागू पडते. येथे कक′ आडवा असून त्याचा मध्य (३, ३) आहे, तेव्हा त्याचा लंबदुभाजक म्हणजे (३, ३) मधून जाणारी उभी रेषा. अअ′ चा मध्य (४, २) आहे. अ पासून अ′ कडे जाताना ६ घरे उजवीकडे व २ घरे वर जावे लागते, म्हणून त्याला लंब असणारी रेषा १ घर डावीकडे गेल्यास ३ घरे वर जाते. (४, २) पासून तसे गेल्यास (३, ५) हा बिंदू मिळतो आणि तो त्या उभ्या रेषेवरही आहे. तेच केंद्र. पडताळ्यासाठी ब घ्यावा : (३, ५) पासून तो १ घर उजवीकडे व ४ घरे खाली आहे, आणि काटकोनातून फिरविल्यावर ४ घरे उजवीकडे व १ घर वर, म्हणजे (७, ६) येथे येतो. तो दिलेला ब′ च आहे. हा पडताळा दुभाजक काढण्यापेक्षा कमी वेळेचा असल्याने तो कधीही गाळू नये.

९०° च्या परिभ्रमणासाठी याहून थेट रीतही आहे. अअ′ च्या मध्यापासून, अअ′ च्या निम्म्या लांबीइतके, त्याला लंब दिशेने जावे. फिरणे काट्यांच्या उलट असेल तर अ कडून अ′ कडे जाताना डाव्या हाताला, आणि काट्यांच्या दिशेने असेल तर उजव्या हाताला वळावे. अअ′ मध्ये आडवी व उभी घरे दोन्ही सम किंवा दोन्ही विषम असतील, तर केंद्र जाळीच्या छेदबिंदूवर पडते. एक सम व एक विषम असेल तर ते एखाद्या चौकोनाच्या मध्यावर पडते. घराच्या बाजूच्या मध्यावर ते कधीही पडत नाही. १८०° च्या परिभ्रमणात केंद्र म्हणजे अअ′ चा मध्यबिंदूच असल्याने तो तेथेही पडू शकतो आणि फिरण्याची दिशा सांगण्याची गरज राहत नाही.

फेरीची दिशा उलटली असेल तर संगत बिंदू जोडणाऱ्या रेषाखंडांचे मध्य पाहावेत. हे मध्य (सर्व एकाच ठिकाणी नसतील तेव्हा) एका रेषेवर येतात आणि तीच अक्षरेषा असते. रेषाखंड तिला लंब असतील तर परावर्तन, नसतील तर सरकते परावर्तन. तोच त्रिकोण अबक घेऊन त्याची प्रतिमा (९, ५), (६, ५), (९, ७) अशी दिली असता अ व ब यांचे मध्य दोन्ही (५, ३) येथे येतात आणि (५, ३) भोवती १८०° चे परिभ्रमण असावे, असा मोह होतो. दोन बिंदूंपुरते ते बरोबरही आहे. तथापि त्या परिभ्रमणाने क हा (९, ३) येथे गेला असता, आणि दिलेला बिंदू तर (९, ७) आहे. क च्या जोडीचा मध्य (५, ५) येतो. तेव्हा अक्ष ही ५ या आडव्या निर्देशकाची उभी रेषा आहे, जोडरेषा तिला लंब नाहीत, आणि हालचाल म्हणजे त्या रेषेत परावर्तन करून ४ घरे वर सरकविणे. दोन बिंदू जुळले म्हणून थांबू नये, तिसरा बिंदू अवश्य तपासावा, ही दक्षता या उदाहरणात निर्णायक ठरते.

कर्णरेषेतील परावर्तनात चूक होते ती अंतर मोजताना. अक्ष तिरपी असता अंतर आडव्या किंवा उभ्या ओळीने नव्हे, तर अक्षाला लंब असलेल्या दुसऱ्या कर्णाच्या दिशेने, घराच्या कोपऱ्यातून कोपऱ्यात मोजावे लागते. स्थानांतरणात दोन आकृतींमधील मोकळी जागा मोजण्याची चूक वारंवार आढळते. मोजायचे असते ते संगत बिंदूंमधील अंतर.

उत्तर पूर्ण होण्यासाठी स्थानांतरणात आडवे व उभे सरकणे, परावर्तनात अक्ष, आणि परिभ्रमणात केंद्र, कोन व दिशा सांगावी लागते. ‘फिरविली व मग सरकविली’ हे वर्णन खरे असले तरी प्रश्न एकाच रूपांतरणाचा असल्याने ते उत्तर ठरत नाही.

संगती ठरलेली असता रूपांतरण एकमेव असते, परंतु आकृती स्वतःच सममित असून शिरोबिंदूंना नावे दिलेली नसतील तर तसे राहत नाही. (०, ०) ते (२, २) हा चौरस आणि (६, ०) ते (८, २) हा चौरस घ्यावा. पहिल्यावरून दुसरा ६ घरे उजवीकडे सरकवून, ४ या आडव्या निर्देशकाच्या उभ्या रेषेत परावर्तित करून, (४, १) भोवती १८०° फिरवून, (४, ४) भोवती काट्यांच्या उलट ९०° फिरवून किंवा (४, -२) भोवती काट्यांच्या दिशेने ९०° फिरवून मिळतो. शिवाय तीन सरकती परावर्तनेही आहेत. अशी एकंदर आठ रूपांतरणे होतात, कारण चौरस आठ प्रकारे स्वतःवरच बसतो.

जाळी स्वतःवर बसेल असे परिभ्रमण ९०° च्या पटीचेच असते. मात्र एखाद्या आकृतीचे सर्व शिरोबिंदू जाळीवर राहण्यासाठी ही अट आवश्यक नाही : (०, ०), (५, ०), (०, १०) हा त्रिकोण (०, ०) भोवती सुमारे ५३.१३° फिरविल्यास (०, ०), (३, ४), (-८, ६) येथे बसतो. म्हणून बाजू तिरप्या दिसल्या तरी कोन ४५° असेल असे धरून चालू नये.