क्रीम बंद केल्यावरचे पहिले पंधरा दिवस

तोंडाभोवती, नाकपुडीच्या बाजूच्या वळीत आणि हनुवटीवर बारीक पुळ्या उठलेल्या असतात, पण ओठांच्या अगदी कडेला लागून एक अरुंद पट्टी स्वच्छ राहिलेली असते. त्वचारोगतज्ज्ञ सगळ्यात आधी ही पट्टी शोधतात. ती दिसली आणि चेहऱ्याला एखादी स्टिरॉइडची क्रीम लावली जात होती असं कळलं, की पेरिओरल डर्मटायटिसचं निदान जवळजवळ पक्कं होतं. त्यासाठी रक्ततपासणी लागत नाही.

हा आजार बहुतेक वेळा मुरुम समजला जातो. मुरुमांत काळे किंवा पांढरे ठिपके, म्हणजे बुजलेली रंध्रं, दिसतात. इथे ती नसतात. पुळ्या एक-दोन मिलिमीटरच्या, सगळ्या जवळपास एका आकाराच्या असतात, काहींच्या टोकावर पूचा बारीक थेंब असतो, आणि खाजेपेक्षा आग जास्त होते. आपल्याकडच्या सावळ्या वर्णावर लाली ठळक उठत नाही. पुळ्यांखालची त्वचा तपकिरी किंवा तांबूस दिसते, म्हणून सुरुवातीला घरात कुणाच्या लक्षातही येत नाही.

सोलापुरात ही गोष्ट कशी घडते हे एका उदाहरणावरून सांगते. हे उदाहरण कुणा एकीचं नाही, अनेक जणींच्या सारख्या हकिकतींतून जुळवलेलं आहे. युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात काम करणारी तिशीतली एक बाई आहे. गालांवर वांग आलेले. दिवाळीच्या सुमारास मैत्रिणीने एक ट्यूब सुचवली आणि ती मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळाली. ट्यूबमध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन ही तीन औषधं होती. त्यातलं मोमेटासोन हे स्टिरॉइड. आठ-दहा दिवसांत चेहरा उजळला, म्हणून ती रोज रात्री पूर्ण चेहऱ्याला क्रीम लावू लागली. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला जाईपर्यंत हनुवटीवर पुळ्या दिसू लागल्या होत्या. तिने तीच क्रीम पुळ्यांवर लावली आणि दोन दिवसांत त्या बसल्या. क्रीम चुकली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी परत यायच्या, आधीपेक्षा थोड्या जास्त. "दादा, तीच ट्यूब द्या" असं म्हणत तिने आणखी दोन ट्यूब संपवल्या.

या चक्राचं कारण स्टिरॉइडच्या कामातच आहे. ते त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसवतं आणि दाह करणाऱ्या पेशींना गप्प बसवतं, त्यामुळे लाली आणि सूज लगेच उतरते. पण त्याच वेळी ते त्वचेच्या वरच्या थरात तयार होणारी स्निग्ध द्रव्यं कमी करतं आणि कोलॅजेनची निर्मिती मंदावतं. त्वचा पातळ होते, तिच्यातून पाणी जास्त उडून जातं, आणि साबण, धूळ, मेकअप हे सगळं आत झोंबू लागतं. रंध्रांमध्ये एरवी शांत राहणाऱ्या सूक्ष्मजीवांनाही दबलेल्या प्रतिकारशक्तीमुळे मोकळीक मिळते. स्टिरॉइड स्वतःच बिघडवलेल्या त्वचेचा दाह स्वतःच झाकत राहतं. म्हणून लावणाऱ्याला क्रीम हाच उपाय वाटतो.

चेहऱ्यावरच हे इतकं का होतं, याला एक जुना प्रयोग उत्तर देतो. फेल्डमन आणि मायबाख या संशोधकांनी १९६७ साली हायड्रोकॉर्टिसोन शरीराच्या वेगवेगळ्या भागांतून किती शोषलं जातं ते मोजलं. कोपराखालच्या हाताच्या मानाने कपाळातून ते सुमारे ६ पट आणि जबड्याच्या कडेतून सुमारे १३ पट शोषलं गेलं. हाताच्या गजकर्णासाठी किंवा एक्झिमासाठी घरात पडून असलेली ट्यूब चेहऱ्याला लावली, तर चेहऱ्याच्या दृष्टीने तो डोस फार मोठा असतो. गजकर्णाच्या अनेक मिश्र मलमांत क्लोबेटासॉलसारखं अतिशय तीव्र स्टिरॉइड असतं आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

उपचाराची पहिली पायरी म्हणजे क्रीम थांबवणं, आणि अवघड भाग तिथूनच सुरू होतो. आकसलेल्या रक्तवाहिन्या आता एकदम फुलतात आणि दबलेला दाह उसळतो. थांबवल्यावर काही दिवसांतच चेहरा लाल, सुजलेला होतो, भाजल्यासारखी आग होते, पुळ्या दुप्पट दिसतात. बहुतेकींना पहिल्या पंधरवड्यात सगळ्यात जास्त त्रास होतो, आणि बहुतेक जणी परत ट्यूबकडे वळतात त्याही याच काळात. आपल्या उदाहरणातल्या बाईला डॉक्टरांनी हे पहिल्याच भेटीत नीट सांगितलं: "ताई, पुढचे पंधरा दिवस चेहरा आजच्यापेक्षा वाईट दिसणार आहे. औषध चुकलंय असं समजू नका." माझ्या मते या आजारात हे एक वाक्य अर्ध्या उपचाराइतकं मोलाचं आहे. ते न ऐकलेली बाई आठव्या दिवशी घाबरून क्रीम लावते आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. फार तीव्र स्टिरॉइड दीर्घकाळ लावलेलं असेल, तर डॉक्टर कधीकधी थोडे दिवस सौम्य स्टिरॉइडवर आणून मग थांबवतात. हा निर्णय त्यांनीच घ्यायचा.

सौम्य आजारात फक्त सगळं बंद करणं पुरेसं ठरतं. सगळं म्हणजे फाउंडेशन, जाड मॉइश्चरायझर, फेसवॉश, घरगुती लेपसुद्धा. चेहरा नुसत्या पाण्याने धुवायचा. या बाईच्या पुळ्या जास्त होत्या, म्हणून तिला मेट्रोनिडॅझोलचं जेल आणि पोटातून डॉक्सिसायक्लिन मिळालं. डॉक्सिसायक्लिन अँटिबायोटिक आहे, पण इथे ते मुख्यतः दाह शमवण्याच्या गुणासाठी देतात. परिणाम सावकाश येतो, म्हणून कोर्स साधारण सहा ते आठ आठवड्यांचा असतो. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जखम होऊ शकते. ती घेताना उन्हाने त्वचा लवकर भाजते. सोलापुरात मार्चपासूनच ऊन तापतं, तेव्हा कामावर जाता-येता सैल सुती ओढणी आणि छत्री हवीच. गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ही गोळी सहसा देत नाहीत, त्यांच्यासाठी दुसरी औषधं आहेत.

तिने फेब्रुवारीच्या मध्यात क्रीम थांबवली. महिना संपेपर्यंतचे दिवस वाईट गेले. मग आग आधी कमी झाली, नव्या पुळ्या येणं त्यानंतर थांबलं आणि लाली सगळ्यात शेवटी ओसरू लागली. सुधारणा साधारण याच क्रमाने येते, म्हणून लाली टिकून असली तरी आग कमी होणं हे चांगलं लक्षण मानावं. त्वचेचा वरचा थर पूर्ण नवा व्हायला चारेक आठवडे लागतात आणि स्निग्ध द्रव्यांचं आवरण त्याबरोबर भरत जातं. गुढीपाडव्यापर्यंत तिच्या तोंडाभोवती तपकिरी डाग तेवढे उरले. तेही काही महिन्यांत फिके होतात. या पुळ्या सहसा खड्डे ठेवत नाहीत. पातळ झालेली त्वचाही बऱ्याच अंशी भरून येते, मात्र दीर्घ वापराने उमटलेल्या बारीक लाल शिरा आपोआप जातीलच असं नाही. त्यांना कधीकधी लेझर लागतो.

वांग मात्र जिथल्या तिथे असतात. त्यांचा उपचार चेहरा पूर्ण शांत झाल्यावर, स्टिरॉइडशिवाय आणि सनस्क्रीनपासून सुरू करायचा असतो. दम्याचा पंप किंवा नाकाचा स्टिरॉइड स्प्रे घेणाऱ्यांनाही अशा पुळ्या येऊ शकतात. त्यांनी औषध मनाने बंद करू नये. पंप घेतल्यावर तोंडाभोवतीचा भाग धुवावा आणि डॉक्टरांना पुळ्या दाखवाव्यात. दाखवायला जाताना चेहऱ्याला लावलेली प्रत्येक ट्यूब, रिकामी असली तरी, पिशवीत घालून न्यावी. बारीक अक्षरांतलं ते एक नाव सापडलं की डॉक्टरांना पुढचा रस्ता ठरवता येतो.