इटालियनमधला ‘आत्ता’: एक क्षण पकडणारं क्रियापद

इटलीत डॉक्टर रुग्णाला विचारतात, ‘लेई फूमा?’ म्हणजे ‘तुम्ही धूम्रपान करता का?’ प्रश्न सवयीबद्दल आहे आणि क्रियापद साध्या वर्तमानकाळात आहे. आता बाल्कनीत उभ्या असलेल्या मार्कोबद्दल कुणी आतून विचारलं, तर घरातलं माणूस ‘फूमा’ म्हणेल किंवा ‘स्ता फुमांदो’ म्हणेल. दोन्ही बरोबर. पण डॉक्टरांनी ‘लेई स्ता फुमांदो?’ असं विचारलं, तर रुग्ण चक्रावून आपल्या हातांकडे बघेल, कारण त्याचा अर्थ ‘या क्षणी तुम्ही सिगारेट ओढताय का?’ एवढाच होतो.

इटालियनचा साधा वर्तमानकाळ फार ऐसपैस आहे. सवय, या घडीला चाललेलं काम, उद्याचा बेत, सगळं त्यात मावतं. ‘के फाय?’, म्हणजे ‘काय करतोयस?’, याला ‘लेग्गो’ हे उत्तर ‘वाचतोय’ या अर्थानं पूर्ण आहे. ‘स्तारे’ हे क्रियापद आणि त्यापुढे ‘-आंदो’ किंवा ‘-एंदो’ने संपणारं रूप, ही जोडी त्यातला फक्त एक कोपरा घेते. ‘स्तो लेज्जेंदो’ म्हणजे मी वाचत आहे, आणि वाचन अजून संपलेलं नाही. पुरुष बोलो वा बाई, ‘लेज्जेंदो’ बदलत नाही. आपल्या ‘वाचतोय-वाचतेय’सारखा लिंगभेद इथे नाही.

मराठी माणसाची गफलत नेमकी इथे होते. आपलं ‘-तोय’ बरंच सैल आहे. ‘उद्या मी रोमला जातोय’ हे आपण सहज म्हणतो. इटालियनमध्ये मात्र ‘दोमानी वादो आ रोमा’, साधा वर्तमानकाळच. तिथे ‘स्तो आंदांदो’ चालत नाही. ‘दहा वर्षं रोममध्ये राहतोय’ हेही ‘आबितो आ रोमा दा दियेची आन्नी’ असंच होतं. आणि ‘मला कळतंय’साठी ‘कापीस्को’ पुरतं. ‘स्तो कापेंदो’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटतं, हळूहळू उमगत चाललंय, अजून पूर्ण उमगलेलं नाही.

असं का? पीसा इथल्या स्कुओला नोर्माले सुपेरिओरेमधले भाषाशास्त्रज्ञ पिएर मार्को बेर्तिनेत्तो यांनी याचं उत्तर एका कल्पनेत दिलं, आणि मला ते सगळ्यांत पटतं. या रचनेला वेळेच्या रेषेवर एक बिंदू लागतो. त्या बिंदूवर उभं राहून पाहिलं तर क्रिया सुरू झालेली असते, पण तिचा शेवट दिसत नाही. वर्तमानात हा बिंदू म्हणजे बोलण्याचा क्षण. भूतकाळात तो बाहेरून द्यावा लागतो.

भूतकाळातच या कल्पनेची खरी परीक्षा होते. ‘आल्ले त्रे स्तावो लेज्जेंदो’, तीन वाजता मी वाचत होतो, हे निर्दोष आहे, कारण ‘तीन’ हा बिंदू आहे. पण दोन ते चार असा अख्खा काळ सांगायचा असेल, तर ‘स्तावो लेज्जेंदो’ कानाला खटकतं. इटालियन माणूस ‘दाल्ले दुए आल्ले क्वात्रो ओ लेत्तो’ म्हणतो, म्हणजे ‘वाचलं’. काळाला दोन्ही टोकं मिळाली की बिंदूला जागा उरत नाही. म्हणूनच ‘स्तारे’ची ही जोडी आजच्या इटालियनमध्ये पूर्ण भूतकाळात येत नाही. स्पॅनिशमध्ये मात्र ‘एस्तुवे लेयेंदो’, म्हणजे ‘मी (इतका वेळ) वाचत होतो’, आजही रोजच्या बोलण्यात आहे. जुन्या इटालियनलाही असं चालायचं. पुढे तिची ही रचना आकसत बिंदूपाशी आली.

क्षणात घडणाऱ्या क्रियांचं काय? आईनं जेवायला हाक मारली की मुलगा ओरडतो, ‘अर्रीवो!’, आलो! रस्त्यावरून फोनवर मात्र तोच ‘स्तो अर्रिवांदो’ म्हणेल. पोहोचणं हा एकच क्षण असतो, त्याच्या मधोमध उभं राहता येत नाही. म्हणून इथे जोडी पोहोचण्याआधीची वाट दाखवते. गाडीचं वेळापत्रक सांगताना ‘इल त्रेनो अर्रीवा आल्ले ओत्तो’, गाडी आठला येते, असं म्हणतात. गाडी नजरेच्या टप्प्यात आली की ‘स्ता अर्रिवांदो’.

बिंदू भविष्यकाळातही नेता येतो. ‘उद्या या वेळी मी झोपलेला असेन’ हे ‘दोमानी आ क्वेस्तोरा स्तारो दोर्मेंदो’ असं सांगतात. पण असा क्षण दिलेला नसेल, तर ऐकणारा तो आत्ताचाच धरतो आणि भविष्यकाळाचं रूप अंदाज सांगू लागतं. मार्को फोन उचलत नाही, तेव्हा कुणी म्हणतं, ‘स्तारा दोर्मेंदो’: झोपला असेल.