पाणी गेल्याचं सांगून वॉरंटी नाकारली तर: कारण कसं तपासावं, सशुल्क दुरुस्तीला होकार कधी द्यावा

मोबाइलच्या वॉरंटीत कारखान्यातला दोष भरून दिला जातो, म्हणजे सदोष सुटा भाग किंवा चुकीची जोडणी. पाणी जाणं, पडून फुटणं, बाहेर कुठेतरी उघडणं या गोष्टी अटींमध्ये वगळलेल्या असतात. त्यातही पाण्यावरून सगळ्यात जास्त वाद होतात, कारण फोन बाहेरून अगदी ठणठणीत दिसतो.

सर्व्हिस सेंटरमध्ये फोन जमा करताना खरेदीचं बिल लागतं. आयएमईआय म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक; बिलावरचा आणि फोनमधला हा क्रमांक जुळायला हवा. फोन चालू असेल तर *#06# डायल करून तो पाहता येतो. शक्य असेल तर आधी डेटाचा बॅकअप घ्या. जमा केल्यावर मिळणाऱ्या जॉब शीटवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या, आणि फोनवर ओरखडे किंवा तडे असतील किंवा नसतील तर तेही. पुढे सगळं याच कागदावर ठरतं.

पाणी गेलंय हे कळतं कसं? बऱ्याच फोनमध्ये सिम ट्रेच्या खाचेत आणि आत काही ठिकाणी एक छोटा पांढरा स्टिकर असतो. पाणी लागलं की तो लाल किंवा गुलाबी होतो आणि पुन्हा पांढरा होत नाही. मात्र पाणी कधी गेलं, किती गेलं आणि बिघाड त्यानेच झाला का, हे स्टिकर सांगत नाही. म्हणून नुसत्या लाल स्टिकरवर निकाल देणं मला अपुरं वाटतं. फोन उघडून पिनांवर हिरवट किंवा पांढरट थर दिसतो का, हे पाहायलाच हवं. ओल्या पिनांतून वीज वाहिली की धातू झिजतो आणि हा थर धरतो. म्हणूनच भिजलेला फोन वाळल्यावर काही दिवस नीट चालतो आणि मग बंद पडतो.

‘पण फोन आयपी68 आहे’ हा ग्राहकाचा प्रश्न रास्त आहे. आयपी68 ही फोन धूळ आणि पाणी किती रोखतो हे सांगणारी श्रेणी आहे. तिची पाण्याची चाचणी नव्या फोनवर, गोड्या पाण्यात, ठरावीक खोली आणि वेळेपुरती होते. पुढे धक्के, उष्णता आणि वापराने आतली सील सैल होतात. साबणाचं किंवा खारं पाणी तर त्या चाचणीत येतच नाही. त्यामुळे आयपी68 असूनही पाण्याचा बिघाड बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत.

एक उदाहरण घेऊ. सात महिन्यांचा फोन चार्ज होत नाही, आणि मागच्या कॅमेऱ्याचा फोकसही लागत नाही. उघडल्यावर चार्जिंग पोर्ट आणि त्याच्या छोट्या बोर्डवर हिरवट थर सापडला. मदरबोर्ड आणि कॅमेऱ्याचा कनेक्टर कोरडा, स्वच्छ. चार्जिंगसाठी वॉरंटी नाकारणं इथे योग्य आहे, कारण खूण आणि बिघाड एकाच जागी आहेत. कॅमेऱ्याचं तसं नाही. त्याबद्दल वेगळं उत्तर मागा आणि वॉरंटीची अट शब्दशः वाचा. ‘द्रवामुळे झालेला बिघाड’ वगळला असेल तर कॅमेऱ्याचा दावा उभा राहतो. ‘द्रव गेलेला फोन’च वगळला असेल तर कॅमेऱ्यासाठी भांडायला फारशी जागा उरत नाही.

नकार लेखी मागा. त्यात एवढं यायला हवं: ‘चार्जिंग पोर्टच्या पिनांवर गंज आढळला, फोटो जोडला आहे. हा बिघाड वॉरंटीच्या अमुक अटीत बसत नाही. चार्जिंग बोर्ड बदलून सशुल्क दुरुस्ती करता येईल.’ ‘ग्राहकाने फोन नीट वापरला नाही’ एवढंच लिहिलं असेल तर त्यातून काहीच कळत नाही. शिवाय ते माणसाला उगाच दोषी ठरवतं. खिशातल्या घामाने किंवा पावसाच्या सरीनेही पाणी आत जाऊ शकतं.

सशुल्क दुरुस्तीच्या एस्टिमेटमध्ये कोणता भाग बदलणार, भागाचे आणि मजुरीचे पैसे किती, आणि नव्या भागाला स्वतःची वॉरंटी किती, हे वेगवेगळं लिहिलेलं हवं. फक्त छोटा बोर्ड बदलत असतील तर डेटा सहसा राहतो. मदरबोर्ड बदलला तर जातो. गंज आत आणखी कुठे पसरत असेल तर दुरुस्तीनंतर दुसरा भाग बिघडू शकतो. म्हणून सर्व्हिस सेंटर बाकीच्या भागांची हमी देत नाही, आणि हे त्यांनी आधी सांगायला हवं. मदरबोर्डवरच गंज असेल आणि खर्च नव्या फोनच्या जवळ जात असेल, तर मी नको म्हणेन. दुरुस्तीला नकार दिल्यास तपासणी शुल्क लागतं का, हे फोन उघडण्याआधीच विचारा.

निकाल पटला नसेल तर जॉब शीटचा क्रमांक, फोटो आणि लेखी कारण जोडून कंपनीच्या ग्राहक सेवेकडे फेरतपासणी मागा, पण हे दुरुस्तीला होकार देण्याआधी करा. गंजलेला भाग काढून टाकला की तपासायला काही उरत नाही.